अर्ध्या हजेरीचा दीड रोज : मुकादमाने मला 1,14,800 रुपयांना कसे फसवले

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि गेली अकरा वर्षे घरबांधणीची छोटी कंत्राटे घेतो, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हाला जेवढे हसायचे तेवढे हसता येईल. मे ते जुलै या तीन महिन्यांत माझ्या एका कामावर 5 गवंडी (रोज 800 रुपये) आणि 9 बिगारी (रोज 550 रुपये) होते. हजेरी मुकादम घेई, त्याचा भाचा ती संगणकावर चढवी, महिनाअखेरीस पगारपत्रक माझ्याकडे येई आणि मी एकूण रक्कम मुकादमाच्या हाती देई. दुसरे काम पंचेचाळीस किलोमीटरवर चालू असताना रोज दोन्हीकडे उभे राहणे मला शक्य नव्हते. ज्यांना शक्य असते त्यांनी मला नावे ठेवावीत.

पत्रकात पूर्ण दिवसाला P, अर्ध्या दिवसाला P/2 आणि खाड्याला A अशा खुणा होत्या. त्या सगळ्या खऱ्या होत्या, मी अधूनमधून वहीशी ताडून पाहिल्या होत्या. लबाडी होती ती भरलेले दिवस मोजणाऱ्या एका रकान्यात:

```
=COUNTIF(B2:AF2,"P*")+0.5*COUNTIF(B2:AF2,"P/2")
```

त्या चांदणीचा अर्थ ‘P ने सुरू होणारे काहीही’ असा होतो. त्यामुळे P/2 आधी पूर्ण दिवस म्हणून मोजला जातो आणि पुढे त्याचा अर्धा पुन्हा मिळवला जातो, म्हणजे प्रत्येक अर्ध्या हजेरीचा दीड रोज होतो. ज्या महिन्यात अर्धे दिवस कमी, त्या महिन्यात फरक डोळ्यात भरत नाही. पावसाने दुपारी काम बंद पडू लागले की तो फुगत जातो. मे महिन्यात 28,700, जूनमध्ये 39,000 आणि जुलैमध्ये 47,100 रुपये मी जादा दिले.

मला कळायला हवे होते ते जुलैच्या पत्रकावर सही करताना. एका गवंड्यासमोर आठवडी बाजाराच्या सुट्ट्या धरून 6 खाडे होते आणि भरलेले दिवस 28. महिना 31 दिवसांचा, आणि 28 अधिक 6 होतात 34! दोन आकडे एकाच ओळीत, चार बोटांच्या अंतरावर होते. मी त्या ओळीवर पेन टेकवून क्षणभर थांबलोही होतो, हे मला स्पष्ट आठवते. पण बाहेर सिमेंटची गाडी उभी होती आणि संगणकाने केलेली बेरीज चुकेल कशी, या भाबड्या समजुतीने मी सही केली. त्याचे खरे गणित 19 पूर्ण आणि 6 अर्धे, म्हणजे 19 अधिक 3, एकूण 22 दिवस आणि 17,600 रुपये असे होते. मी दिले 22,400.

उलगडा झाला तोही माझ्या हुशारीने नव्हे. तोच गवंडी ऑगस्टमध्ये उचल मागायला आला आणि सहज म्हणाला, “शेठ, गेल्या महिन्यात बावीसच रोज भरले, सतरा हजार सहाशेत काय भागतंय?” त्याच्या खिशातल्या डायरीत तारखा आणि खाडे नीट लिहिलेले होते. मुकादमाला विचारले तर तो म्हणाला, “भाच्याची चूक झाली, शेठ.” चूक असती तर जादा पैसे मजुरांच्या हाती पडले असते, त्यांना वाटताना मात्र या गृहस्थाचा हिशेब रुपयाचीही गफलत न होता बरोबर येत होता.

पोलीस ठाण्यात मला दोन तास बाकावर बसवून सांगण्यात आले की हा दिवाणी मामला आहे आणि पत्रकावर सही तुमचीच आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीसाठीच आहे, असे मी म्हणालो, तर “मग वकील का नाही झालात?” असे उत्तर मिळाले. कामगार कार्यालयात गेलो, तेथे मजुरांना त्यांची मजुरी पूर्ण मिळाली असल्याने आमचा संबंध नाही असे ऐकवले, आणि वर मलाच विचारले की मजुरी मिळाल्याच्या मजुरांच्या सह्या कोठे आहेत. त्या नव्हत्या. फसवणारा मोकळा आणि नोंदवही आणण्याची ताकीद मला! अखेर लेखी तक्रार स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवली आहे. पोच आली, उत्तर नाही.

पत्रक तुमच्याकडे दुसरा कोणी बनवत असेल, तर अर्ध्या दिवसाची खूण पूर्ण दिवसाच्या अक्षराने सुरू होऊ देऊ नका. 1/2 असेही लिहू नका, कारण संगणक त्याची तारीख करून टाकतो. मी आता H लिहितो:

```
=COUNTIF(B2:AF2,"P")+0.5*COUNTIF(B2:AF2,"H")
```

भरलेले दिवस, खाडे आणि अर्ध्या हजेऱ्यांचा उरलेला अर्धा भाग यांची बेरीज महिन्याच्या दिवसांइतकीच यायला हवी: 22, 6 आणि 3 मिळून 31. कोणी मजुरीला तीसने किंवा सव्वीसने भागायला लागला तर त्याला थांबवा. रोजंदारीत भागाकार नसतो, रोज गुणिले भरलेले दिवस एवढेच असते आणि उचल त्यानंतर वजा होते. आणि पैसे मुकादमाच्या हाती देऊ नका. मी आता प्रत्येकाला त्याचे दिवस मोठ्याने वाचून दाखवतो, तो आपल्या डायरीशी ताडून पाहतो, मग सही किंवा अंगठा घेऊन रक्कम देतो. यात महिन्याला जेमतेम एक तास जातो, आणि तेवढा वेळ मला जुलैतही होता.