बाजार वर गेला, तरी दाजींचे 27,000 बुडाले

आमचे दाजी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. सात रस्त्याजवळ शेअर बाजारातल्या ऑप्शनचा क्लास चालवणाऱ्या एकाने त्यांच्याकडून 15,000 रुपये फी घेतली आणि टेलिग्रामच्या 'प्रीमियम ग्रुप'मध्ये घेतलं. त्याचं पालुपद एकच होतं, "दाजी, तोटा झाला तर प्रीमियमपुरताच, फायद्याला मर्यादा नाही." हे खरं आहे, पण अर्धंच. तो प्रीमियम किती वेळा पूर्ण बुडतो, हे त्याने कधी सांगितलं नाही.

बुधवारी निफ्टी, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक, 24,800 वर होता. ग्रुपवर मेसेज आला: पुढच्या मंगळवारच्या एक्स्पायरीचा 25,000 चा कॉल घ्या, भाव 90. कॉल म्हणजे ठरलेल्या भावाला घेण्याचा हक्क, पुट म्हणजे विकण्याचा, आणि एक्स्पायरी म्हणजे त्या हक्काची मुदत संपण्याचा दिवस. त्या हक्कासाठी मोजायची रक्कम म्हणजे प्रीमियम. हा हक्क सुटा मिळत नाही, लॉटमध्येच घ्यावा लागतो, आणि तेव्हा लॉट 75 चा होता. दाजींनी चार लॉट घेतले, म्हणजे 27,000 रुपये गेले.

आता नीट बघा. बाजार 24,800 वर असताना 25,000 ला घेण्याच्या हक्काची त्या क्षणाची किंमत शून्य. मग 90 रुपये कशाचे? मंगळवारपर्यंत बाजार वर जाईल या शक्यतेचे. दिवस सरतात तशी ती शक्यता आटते, आणि शेवटच्या दिवसांत तर बर्फासारखी वितळते. शनिवार-रविवार बाजार बंद असला तरी मुदत सरतच असते.

सोमवारी निफ्टी 24,900 झाला, शंभर अंकांनी वर. दाजी खूश होते, पण कॉलचा भाव होता 30. विचारलं तर उत्तर आलं, "आणखी घ्या, ॲव्हरेज होईल." दाजींनी घेतलं नाही, हे बरं झालं. मंगळवारी निफ्टी 24,980 वर बंद झाला. अंदाज बरोबर, 180 अंकांची वाढ, आणि कॉल शून्य. पैसे सुटायलाच निफ्टी 25,090 लागत होता. ते 90 रुपये गेले कॉल विकणाऱ्याकडे. त्याचीही जोखीम मोठी असते आणि अनामत म्हणून मार्जिन भरावं लागतं, पण सरणारा प्रत्येक दिवस त्याच्या बाजूचा असतो.

खरी लबाडी नंतर कळली. दाजींच्या मित्राला त्याच क्लासवाल्याच्या दुसऱ्या ग्रुपवर त्याच बुधवारी 24,600 चा पुट घ्यायला सांगितलं होतं. गुरुवारी सकाळी बाजार थोडा पडला, पुट जरा चढला, आणि तेवढ्याच मिनिटांचा स्क्रीनशॉट सगळीकडे फिरवला. मंगळवारी तो पुटही शून्य झाला. कॉलचा मेसेज तर डिलीटच केला होता.

बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्याच अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या काळात एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्समधल्या 93 टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला आहे. अशा टिप्स देणाऱ्याला सेबीची नोंदणी लागते. रिसर्च ॲनालिस्टचा नंबर INH ने सुरू होतो आणि sebi.gov.in वर तपासता येतो. दाजींनी तो नंबर मागितला, तर त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. फीच्या यूपीआय पावत्या आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडून आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.