एसएमएसचा ओटीपी की ऑथेंटिकेटर ॲपचा कोड? ऑफिससाठी काय लावायचं

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे, तिथले कॉम्प्युटर मी बघतो. ऑफिसच्या ईमेलला पासवर्डनंतरचा दुसरा कोड एसएमएसवर घ्यायचा की ॲपमधून, हे ठरवायचं होतं. दिसायला दोन्हीकडे सहाच आकडे असतात, पण ते येतात अगदी वेगळ्या वाटेने.

एसएमएसचं सरळ आहे. सर्व्हर एक आकडा काढतो, स्वतःजवळ लिहून ठेवतो आणि सिमवर पाठवतो. म्हणजे कोड नेटवर्कमधून प्रवास करतो आणि ज्याच्या हातात ते सिम त्याला मिळतो. कोणी फसवून डुप्लिकेट सिम काढलं, तर कोड त्याच्याकडे जातो. आमची अडचण साधी होती: सिम मालकांचं, अण्णांचं. ते परगावी असले की अकाउंट बघणाऱ्या ताई फोन लावत बसायच्या.

ॲपमध्ये काहीच येत नाही. सुरुवातीला क्यूआर स्कॅन करतो, त्यात एक गुप्त किल्ली असते. ती फोनमध्ये राहते आणि सर्व्हरकडेही. त्यानंतर दोघं आपापल्या जागी तेच गणित करतात, म्हणून फोन फ्लाइट मोडवर असला तरी कोड दिसतो.

गणिताची सुरुवात घड्याळापासून होते. १ जानेवारी १९७० च्या जागतिक वेळेतल्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले ते घ्यायचं, ३० ने भागायचं आणि अपूर्णांक सोडायचा. ५९ वा सेकंद असेल तर उत्तर १. हा आकडा आणि किल्ली एचमॅक नावाच्या प्रक्रियेतून काढली की २० बाइटचा घोळका मिळतो. ही पद्धत २०११ साली आरएफसी ६२३८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. तिथे चाचणीसाठी दिलेली `12345678901234567890` ही किल्ली घेतली, तर १ साठी हे येतं:

```
75a48a19d4cbe100644e8a c1397eea 747a2d33ab
```

इथे प्रत्येक बाइट दोन अक्षरांत, सोळाच्या पद्धतीने लिहिलाय; त्यात ९ नंतर `a` म्हणजे १०. शेवटचं अक्षर `b`, म्हणजे ११. शून्यापासून मोजत अकराव्या जागेवरचे चार बाइट उचलायचे. वर ते वेगळे दाखवलेत. त्यांचा सगळ्यात वरचा बिट शून्य केला की `41397eea` उरतं, आपल्या आकड्यांत १०९४२८७०८२. त्यातले शेवटचे सहा, २८७०८२, हाच कोड. कोडवरून मागे जाऊन किल्ली काढता येत नाही. वेळ मात्र दोन्हीकडे एकच हवी.

ॲप लावल्यावर नेमकं तिथंच अडलं. अण्णा दुबईहून आले आणि त्यांचा एकही कोड चालेना. मी घड्याळ बघायला सांगितलं, तर म्हणाले, "अरे, वेळ बरोबर आहे की! भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवलीय." फोन हातात घेतल्यावर कळलं. टाइम झोन दुबईचाच राहिला होता आणि त्यांनी हाताने काटे दीड तास पुढे केले होते. स्क्रीनवर सकाळचे १०:१५ दिसत होते, पण दुबईचे १०:१५ म्हणजे जागतिक वेळ ६:१५, आणि खरी जागतिक वेळ होती ४:४५. फोन ५४०० सेकंद, म्हणजे ३० सेकंदांची १८० पावलं पुढे. सर्व्हर साधारण एखादं पाऊल मागेपुढे चालवून घेतो, एवढं नाही. तारीख, वेळ आणि झोन तिन्ही 'ऑटोमॅटिक' केले आणि पुढचाच कोड लागला.

गंमत अशी की त्याच फोनवर बँकेचा एसएमएस ओटीपी बिनघोर चालत होता. तिथे मुदत सर्व्हर आपल्या घड्याळाने मोजतो; फोनचं घड्याळ कोणी विचारतच नाही. त्यामुळे ओळखायची खूण सोपी आहे. ॲपचा प्रत्येक कोड नाकारला जात असेल तर आधी घड्याळ आणि झोन बघा. एखादाच नाकारला गेला तर बहुतेक ३० सेकंद संपता संपता टाकलेला असतो, पुढचा घ्या.

एका बाबतीत एसएमएस मला उजवा वाटतो. फोन हरवला तर डुप्लिकेट सिम मिळतं. ॲपची किल्ली फोनसोबत गेली आणि दुसरीकडे ठेवलेली नसली, तर मोठा खोळंबा. शिवाय क्यूआरचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर टाकला म्हणजे किल्लीच वाटली. आपण किल्ली बदलेपर्यंत, ज्याच्याकडे तो गेला तो माणूस रोज कोड काढू शकतो. आणि खोट्या लॉगिन पानावर टाकलेला कोड चोराने त्याच क्षणी वापरला, तर दोन्ही प्रकार सारखेच निकामी.

आम्ही ॲप घेतलं. एकच क्यूआर अण्णांच्या आणि ताईंच्या फोनमध्ये एकाच बैठकीत स्कॅन केला, खालची अक्षरांतली किल्ली कागदावर उतरवून ऑफिसच्या तिजोरीत ठेवली आणि ते पान बंद केलं. आता अण्णा विमानात असले तरी ताईंच्या फोनवर तेच सहा आकडे त्याच वेळी दिसतात. बँकेचा ओटीपी अजून अण्णांच्या सिमवरच येतो. तिथे बँक देईल तोच घ्यावा लागतो.