लेन्सकडे बघून बोलावं की सभागृहाकडे?

व्याख्यान हॉलमध्ये आणि यूट्यूबवर एकाच वेळी द्यायचं असेल, तर वक्त्यापुढे दोन वाटा असतात. दोन्हींनी बोलून झालं आहे. माझा कल कुठे आहे तो लपणार नाहीच.

पहिली वाट लेन्सची. मधूनमधून कॅमेऱ्यात बघायचं आणि ऑनलाइन मंडळींशी थेट बोलायचं. समोर पंधरा माणसं आणि पडद्यापलीकडे शंभर असतील, तर हेच बरं. संध्याकाळी साडेसहाच्या व्याख्यानाला उन्हाळ्यात लंडनमध्ये दुपारचे दोन वाजलेले असतात. जेवण आटोपून बसलेल्या तिथल्या माणसाला वक्ता आपल्याकडे बघतोय हे सुखावतं.

पण मला छळलं ते एका प्रश्नाने: ‘ऑनलाइन मंडळी, दिसतंय ना?’ यूट्यूबच्या थेट प्रक्षेपणात चित्र काही सेकंद मागे असतं, नेहमीच्या सेटिंगवर तर सहज दहा-वीस सेकंद. त्यात टाइप करायचा वेळ धरा. ‘हो’ येईपर्यंत हॉलमधले खुर्चीत चुळबुळतात, एखादे काका मागे वळून कॅमेरावाल्याकडे बघतात. वक्त्याचा धागा तुटतो तो वेगळाच. झूमवर हा उशीर जाणवत नाही, त्यामुळे तिथे माझी तक्रार बरीच बोथट होते.

दुसरी वाट अशी की बघायचं सभागृहाकडेच, पण बोटाने दाखवायची प्रत्येक गोष्ट तोंडानेही सांगायची. राजगडाचा नकाशा घ्या. ‘ही माची बघा’ म्हणत लेसरचा ठिपका भिंतीवर फिरवला, तर स्लाइड थेट लॅपटॉपवरून जात असताना घरच्या प्रेक्षकाला तो दिसतच नाही. त्याऐवजी ‘मधला उंच भाग बालेकिल्ला, त्याच्या उत्तरेला पद्मावती माची’ म्हटलं की दोघांचीही नजर एकाच जागी जाते. ठिपका हवाच असेल तर पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडशो चालू असताना Ctrl+L दाबा. तो स्लाइडवरच उमटतो, दोन्हीकडे दिसतो.

प्रश्नोत्तरांतही हेच. मागच्या रांगेतून माइकशिवाय आलेला प्रश्न घरी पोचत नाही. उत्तराआधी तो एका वाक्यात पुन्हा म्हणावा. ऑनलाइन प्रश्न हॉलमधल्याच कोणीतरी फोनवर बघत राहावेत आणि हात वर करून इतरांसारखेच विचारावेत. उत्तर थोडं उशिरा पोचलं तरी कोणी खोळंबत नाही.

या पद्धतीत वेळ जास्त जातो हे खरं. मी स्लाइड कमी करतो. शिवाय वक्ता आपल्याकडे बघत नाही ही ऑनलाइन माणसाची खंत पूर्ण जात नाही. कॅमेरा मागच्या भिंतीऐवजी मधल्या वाटेत, बसलेल्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला तर ती बरीच कमी होते.

तुमचा हॉल अर्धा रिकामाच असणार असेल तर लेन्सची वाट धरायला हरकत नाही. भरलेल्या हॉलमध्ये मी तरी दुसरीच धरतो. सरावाचं रेकॉर्डिंग घरच्या कुणाला पडद्याकडे पाठ करून ऐकवावं. ‘इथे कुठे?’ असं जिथे विचारलं जाईल, तिथलं वाक्य बदलायचं.