सामंजस्य कराराचा मसुदा: संगणकावर शोधावा की कागदावर वाचावा?

समजा, खानापूरचे एक वाचनालय आणि बेळगावचे एक महाविद्यालय मिळून विद्यार्थ्यांकडून जुन्या पुस्तकांची सूची करून घेणार आहेत. चार पानांचा मसुदा तयार आहे आणि सह्यांआधी तो एकदा नीट बघायचा आहे.

पक्षांच्या नावांसाठी संगणकावरचा शोध सरस. पहिल्या कलमात ‘यापुढे वाचनालय असे संबोधले जाईल’ म्हटले, तरी खाली ‘संस्था’, ‘सदर मंडळ’, ‘आम्ही’ डोकावतातच. जुन्या खरेदीखताचा साचा वापरला असेल तर ‘लिहून देणार’ही सापडेल, इथे दोन्ही पक्ष काही देतात आणि काही घेतात, त्यामुळे ते कोण हेच कळत नाही. मात्र ‘संस्था’ शोधून ‘संस्थेने’ मिळत नाही, म्हणून ‘संस्थे’ वेगळे शोधावे. आणि एका झटक्यात सगळीकडे बदल करू नये: ‘संस्था तयार झाली आहे’चे ‘वाचनालय तयार झाली आहे’ होते, शिवाय ‘शिक्षण संस्था’सुद्धा बदलून बसते. पत्त्यातले बेळगाव-बेळगावी मात्र नोंदणीपत्रात असेल तसेच ठेवावे.

काळासाठी कागद बरा. प्रत्येक वाक्याच्या क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ ओढा आणि फक्त तेवढेच वाचत जा. पार्श्वभूमीत ‘आहे’, ‘झाला’ चालते. जबाबदाऱ्यांच्या कलमांत ‘पाठवील’, ‘देईल’ हवे. तिथे ‘महाविद्यालय विद्यार्थी पाठवते’ असे आले, तर ती सध्याची पद्धत की पुढे पाळायचे वचन, हे ठरत नाही.

खरी कसोटी सौम्य शब्दांची. आपल्या मसुद्यात कलम ३ म्हणते, ‘महाविद्यालय दरमहा विद्यार्थी पाठविण्याचा प्रयत्न करील’. कलम ६ म्हणते, ‘विद्यार्थी न आल्यास महाविद्यालयास भरपाई द्यावी लागेल’. कलम ९ म्हणते, ‘यातून कायदेशीर बंधन निर्माण होत नाही’. शोधात प्रत्येक वाक्य सुटे दिसते आणि निर्दोषही वाटते. भांडण दिसते ते तिन्ही पाने टेबलावर शेजारी मांडली की. वर ‘सामंजस्य करार’ लिहिले म्हणून बंधन टळत नाही; वाद झाला तर आतला मजकूर आणि दोघांचा हेतू पाहिला जातो. हेतूपुरतेच थांबायचे असेल तर कलम ६ काढावे. भरपाई खरोखरच हवी असेल तर कलम ३ मध्ये ‘पाठवील’ लिहावे आणि कलम ९ ला कलम ३ आणि ६ चा अपवाद जोडावा. हा निर्णय दोन्ही पक्षांचा. तपासणाऱ्याने समासात प्रश्न लिहून मसुदा परत पाठवावा, परस्पर शब्द बदलू नये.

एका बाबतीत मात्र शोध पुन्हा कामी येतो. ‘प्रवासखर्च देण्यात येईल’ हे वाक्य किती सभ्य! पण देणार कोण? वाचताना नजर त्यावरून सहज घसरते. ‘येईल’ आणि ‘येतील’ शोधा आणि जिथे पैसे, जागा किंवा माणसे द्यायची आहेत तिथे पक्षाचे नाव घाला.

वेळ एकाच पद्धतीपुरता असेल तर मी कागद निवडेन. नावांचा घोळ सहीच्या दिवशीही दुरुस्त करता येतो, कलम ३ आणि ६ चा वाद तिथे उभ्या उभ्या मिटत नाही.