192.168, 172 की 10? शिरोली आणि शाहूपुरी जोडताना कोणती आयपी रेंज घ्यावी

शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आणि शाहूपुरीत ऑफिस, अशी मांडणी कोल्हापुरात बरीच दिसते. दोन्हीकडे राउटर खोक्यातून काढला तसाच जोडलेला असतो, त्यामुळे दोन्हीकडची रेंज 192.168.1.0/24 असते. इंटरनेट दोन्हीकडे व्यवस्थित चालतं, म्हणून कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मग एके दिवशी शॉपमधला डीव्हीआर आणि ड्रॉइंगचा कॉम्प्युटर ऑफिसातून दिसावा म्हणून व्हीपीएन टाकलं जातं. राउटरच्या स्क्रीनवर टनेल जोडलेला दिसतो, पण शॉपमधल्या 192.168.1.50 ला पिंग काही जात नाही.

कोल्हापूरकराला याचं कारण पटकन कळेल. पाचवी गल्ली शाहूपुरीत आहे आणि राजारामपुरीतही. शाहूपुरीत उभं राहून रिक्षावाल्याला नुसतं ‘पाचव्या गल्लीत चला’ म्हटलं, तर तो शाहूपुरीच्याच पाचव्या गल्लीत नेणार. खाजगी आयपीचं अगदी तसंच आहे. तो आपल्या पेठेपुरता खरा असतो आणि पेठांना वेगवेगळी नावं नसतील तर पलीकडे जाताच येत नाही.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा आयपी 192.168.1.23 आणि मास्क 255.255.255.0 असेल, तर 192.168.1.50 हा त्याच्या हिशेबानं शेजारचाच. त्यामुळे तो पॅकेट राउटरकडे देतच नाही. ‘एक पन्नास कोण आहे?’ असं तो आपल्याच स्विचवर विचारतो, कुणी उत्तर देत नाही, आणि विंडोज हे दाखवतं:

```
Reply from 192.168.1.23: Destination host unreachable.
```

इथे नकार देणारा आयपी नीट बघा. तो आपल्याच कॉम्प्युटरचा आहे, म्हणजे पॅकेट घराबाहेर पडलेलंच नाही. अशा वेळी व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये कितीही वेळ घालवला तरी उपयोग नाही. रेंजच बदलावी लागते.

तीन खाजगी रेंज, शेजारी शेजारी

१९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजानं तीन रेंज खाजगी वापरासाठी राखून ठेवल्या.

| रेंज | कुठून कुठपर्यंत | एकूण आयपी | आधीच कोण बसलेलं असतं |
|---|---|---|---|
| 192.168.0.0/16 | 192.168.0.0 ते 192.168.255.255 | ६५,५३६ | घरचे आणि दुकानातले राउटर |
| 172.16.0.0/12 | 172.16.0.0 ते 172.31.255.255 | १०,४८,५७६ | डॉकर, तोही 172.17 मध्ये |
| 10.0.0.0/8 | 10.0.0.0 ते 10.255.255.255 | १,६७,७७,२१६ | मोठ्या कंपन्या, इंटरनेट देणाऱ्यांचं आतलं नेटवर्क |

एकाच जागेचं छोटं ऑफिस असेल आणि बाहेरून कुणी जोडणार नसेल, तर 192.168 खुशाल ठेवा. पण दोन जागा जोडायच्या असतील तर शॉपला 192.168.1 आणि ऑफिसला 192.168.2 देऊनही काम अर्धंच होतं. मालक रात्री घरून लॅपटॉपवरून व्हीपीएन लावतात, आणि घरच्या राउटरचीही रेंज 192.168.1 असते. म्हणजे तीच पाचवी गल्ली पुन्हा आडवी येते.

172 ची रेंज घरांत फारशी सापडत नाही, हा तिचा मोठा गुण. अडचण तिच्या हद्दीची आहे. 172.16 पासून 172.31 पर्यंतच ती खाजगी, आणि ही हद्द लक्षात राहत नाही. कुणीतरी सोयीचं म्हणून 172.50.1.0/24 टाकतं, ते चालतंही. पण ते आयपी इंटरनेटवर दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीचे असतात, आणि त्या आयपीवरची वेबसाइट आपल्या ऑफिसातून कधीच उघडत नाही. असा दोष शोधायला फार वेळ जातो, कारण बाकी सगळं नीट चालत असतं.

आमचा कौल 10 ला आहे, पण एका अटीवर: 10.0.0 आणि 10.1.1 टाळा. सहज सुचणारे आकडे सगळ्यांनाच सहज सुचतात. दुसरा आकडा आडवळणाचा घ्या. उदाहरणार्थ शिरोलीला 10.37.1.0/24, शाहूपुरीला 10.37.2.0/24, आणि घरून जोडणाऱ्यांना 10.37.9.0/24. प्रत्येक जागी .1 हा राउटर, .2 ते .49 हाताने दिलेले आयपी, आणि .100 ते .199 डीएचसीपीसाठी. मास्क 255.255.255.0 च ठेवा. काही जण रेंज मोठी आहे म्हणून 255.0.0.0 टाकतात. मग शिरोलीसुद्धा कॉम्प्युटरला ‘शेजारी’ वाटते आणि वर दाखवलेलाच दोष परत येतो.

बदलताना घोळ होतो तो हाताने आयपी टाकलेल्या यंत्रांचा: डीव्हीआर, प्रिंटर, सीएनसीचा कंट्रोलर. त्यांची यादी आधी कागदावर काढा. आदल्या दिवशी डीएचसीपीचा लीज एक तासावर आणा, म्हणजे बाकीचे कॉम्प्युटर नवा आयपी लवकर घेतील. राउटरच्या आतल्या पोर्टला जुना 192.168.1.1 आणि नवा 10.37.1.1 असे दोन्ही आयपी थोडे दिवस राहू द्या, म्हणजे राहून गेलेलं यंत्र सापडतं. यंत्राचा आयपी बदलताना गेटवेही बदला. डीव्हीआर शॉपमध्ये दिसतो पण शाहूपुरीतून दिसत नाही, असं झालं तर बहुतेक वेळा त्याचा गेटवे जुनाच राहिलेला असतो.

राउटर खाजगी आयपी बाहेर का पाठवत नाही

‘खाजगी आयपी राउटर अडवतो’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, पण ते जसंच्या तसं खरं नाही. 10.37.1.20 हा खाजगी आहे हे साध्या राउटरला आपणहून कळत नाही. तो फक्त आपला रूटिंग टेबल बघतो. टनेल चालू असेल तर तिथे शिरोलीचा रूट असतो, पॅकेट टनेलमध्ये जातं. टनेल तुटल्यावर रूट काढून घेणारं व्हीपीएन असेल, तर मागे उरतो तो बाकी सगळ्यासाठीचा डिफॉल्ट रूट. मग शिरोलीसाठीचं पॅकेट सरळ इंटरनेट देणाऱ्याकडे जातं.

पुढे ते का मरतं? इंटरनेटच्या गाभ्यातल्या राउटरांना डिफॉल्ट रूट नसतो. कोणती रेंज कुणाकडे आहे हे एकमेकांनी जाहीर केलेल्या माहितीवरूनच त्यांना कळतं. 10.37.1.0 हजारो ठिकाणी एकाच वेळी असू शकतो, म्हणून तो कुणी जाहीर करायचा नाही असा संकेत आहे, आणि चुकून केलाच तर समोरचा फिल्टर लावून टाकून देतो. जायला रस्ताच नसल्यामुळे पॅकेट तिथे संपतं. तोपर्यंत मात्र इंटरनेट देणाऱ्याच्या आतल्या नेटवर्कमध्ये ते एक-दोन टप्पे फिरून येऊ शकतं, कारण त्यांच्याकडेही 10 चे आयपी असतात. `tracert` मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला अनोळखी 10 चा आयपी दिसतो, तो त्यामुळेच.

पाठवणाऱ्याचा आयपी खाजगी असेल तर गोष्ट आणखी वेगळी. समजा फिल्टर नसल्यामुळे पॅकेट समोरच्या सर्व्हरपर्यंत पोचलं, तरी उत्तर कुठे पाठवणार? म्हणून बाहेर जाताना राउटर नॅट करून आपला बाहेरचा आयपी त्यावर लावतो.

थोडक्यात, आपल्या हद्दीवरचा अडसर आपणच लावायचा. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरवर तो असा लागतो:

```
ip route add unreachable 10.0.0.0/8
ip route add unreachable 172.16.0.0/12
ip route add unreachable 192.168.0.0/16
```

राउटर नेहमी सगळ्यांत नेमका रूट निवडतो. /8 हा डिफॉल्ट रूटपेक्षा नेमका आहे आणि तुमचा /24 त्याहून नेमका. त्यामुळे चालू टनेलला धक्का लागत नाही, पण टनेल नसताना पॅकेट बाहेरही जात नाही. हे टाकण्याआधी एक तपासा: इंटरनेट देणाऱ्यानं दिलेला डीएनएस 10 च्या रेंजमधला तर नाही ना? तसा असेल तर त्या एका आयपीसाठी बाहेरचा वेगळा रूट ठेवा, नाहीतर वेबसाइट उघडणं बंद होईल.

याच जोडीला राउटरच्या वॅन पानावरचा आयपीही बघून घ्या. तो 100.64 ते 100.127 मध्ये असेल, तर ती इंटरनेट देणाऱ्यांच्या सामाईक नॅटसाठी २०१२ मध्ये राखलेली रेंज आहे. बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत थेट येता येत नाही, पोर्ट फॉरवर्ड करूनही नाही. शिरोली आणि शाहूपुरी दोन्हीकडे असं असेल तर थेट टनेलचा भरवसा धरू नका. किमान एका जागी स्वतःचा पब्लिक आयपी मागून घ्या. आणि ही रेंज आपल्या आतल्या नेटवर्कला वापरू नका.

169.254 आणि 127 यांना या निवडीत जागा नाही, पण कामं आहेत

169.254.0.0/16 मधला आयपी कॉम्प्युटर स्वतःच घेतो, डीएचसीपीचं उत्तर आलं नाही की. हा एकाच वायरीपुरता, एकाच स्विचपुरता. २००५ च्या आरएफसी ३९२७ नुसार राउटरनं अशी पॅकेट पुढे पाठवायचीच नाहीत. खाजगी रेंजसारखं ‘संस्थेच्या आत चालेल’ असं इथे नाही. शॉपमध्ये लाइट जाऊन आली आणि कॉम्प्युटर राउटरच्या आधी चालू झाले, की `ipconfig` मध्ये 169.254 आणि गेटवेच्या ओळीत रिकामी जागा दिसते. थोडं थांबून `ipconfig /renew` द्या. तरीही तेच आलं तर केबल आणि स्विचचा पोर्ट बघा. लॅपटॉप एका केबलनं थेट मशीनला जोडून सेटिंग करायला ही रेंज उत्तम, फक्त मशीननंही तसाच आयपी घेतलेला हवा. कायमच्या जोडणीला मात्र घेऊ नका, आयपी बदलू शकतो आणि टनेलपलीकडे तो कधीच जाणार नाही.

127.0.0.0/8 सगळ्यांत कडक. हे पॅकेट नेटवर्क कार्डापर्यंतही पोचत नाही, कॉम्प्युटरच्या आतच फिरतं. बाहेरून 127 चं पॅकेट आलंच तर लिनक्स ते खोटं समजून टाकून देतं. इथली नेहमीची चूक अशी: ड्रॉइंगच्या कॉम्प्युटरवर डेटाबेस चालतो, तिथे 127.0.0.1 टाकल्यावर उघडतो, म्हणून ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरही तोच आयपी टाकला जातो. तो ऑफिसचा कॉम्प्युटर स्वतःलाच विचारत बसतो. इथे 10.37.1.20 टाकायला हवा. तोही चालला नाही तर ड्रॉइंगच्या कॉम्प्युटरवर `netstat -ano` द्या. `127.0.0.1:3306` असं दिसलं तर डेटाबेस फक्त आतल्या आत ऐकतोय. सेटिंगमध्ये तो 10.37.1.20 वर ऐकायला लावा, आणि फायरवॉलमध्ये 10.37.2.0/24 एवढ्यालाच वाट द्या.

सगळं झाल्यावर टनेल मुद्दाम बंद करून शाहूपुरीतून 10.37.1.20 ला पिंग करा. आता नकार राउटरकडून यायला हवा:

```
Reply from 10.37.2.1: Destination host unreachable.
```

नकार 10.37.2.1 चा असेल तर अडसर बसला. नकार स्वतःच्याच आयपीकडून आला तर मास्क चुकलाय. आणि `Request timed out` आलं तर `tracert` चालवा. दुसऱ्या ओळीला बाहेरचा आयपी दिसला तर पॅकेट अजून बाहेर जातंय, राउटरवरचे तीन रूट पुन्हा तपासा.