सात महिने वापरलेलं बिलिंग ॲप आणि त्यांची एक सूचना

फीचर्स सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर लिहीत नाही. गेल्या महिन्यात भर कामाच्या वेळी ॲप बंद पडलं, त्याबद्दल लिहितोय.

सकाळी १०:५२ ला बिल सेव्ह होईना. पाऊण तासाने मेसेज आला: 'तांत्रिक कारणास्तव काही ग्राहकांना अडचण येत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' वाचून डोकं फिरलं. त्या 'काही' ग्राहकांत मी येतो का? थांबू, की वहीत बिलं लिहू? वर्गणी संपली की हे ॲप सोडायचं, असं तेव्हाच ठरवलं.

१२:१० ला दुसरी सूचना आली. ती जवळजवळ जशीच्या तशी देतो: 'आमची डिस्क भरली आणि बिलांच्या नोंदी खराब झाल्या. ॲप सर्वांसाठी बंद आहे. १०:२० ला घेतलेली प्रत आम्ही पुन्हा बसवत आहोत. त्यानंतर केलेली बिलं परत मिळणार नाहीत. सध्या बिलं कागदावर करा. पुढची सूचना १ वाजता देऊ, नवीन काही नसलं तरी.'

'परत मिळणार नाहीत' हे वाचून पोटात गोळा आला, पण पुढे काय करायचं ते तरी कळलं. मी वही काढली. १ वाजता खरंच मेसेज आला: काम चालू आहे, आणखी एक तास लागेल.

२ वाजता ॲप सुरू झालं, आणि त्या वेळच्या सूचनेतल्या एका ओळीमुळे माझं मत बदललं. 'नवीन बिल करण्याआधी ग्राहकाला दिलेल्या शेवटच्या बिलाचा नंबर तपासा.' ॲपमध्ये शेवटचं बिल १८४६ दिसत होतं, पण १८४९ पर्यंतची बिलं मी ग्राहकांना पाठवून बसलो होतो. तसंच काम सुरू केलं असतं तर १८४७ नंबरची दोन वेगवेगळी बिलं झाली असती आणि ती चूक वर्षअखेरीस हिशेब जुळवताना सापडली असती. आधी ती तीन बिलं जुन्याच नंबरांनी आणि जुन्याच वेळेने भरा, मग वहीतली चढवा, असा क्रमही दिला होता. पाठवलेली बिलं फोनमध्ये होती, त्यामुळे वीस मिनिटांत काम झालं. ही ओळ लिहिणाऱ्याने बिल करणाऱ्याच्या जागी बसून विचार केला होता.

तक्रार आहेच. डिस्क भरल्याचं त्यांना १२:१० च्या आधी कळलं असणार. 'सर्वांसाठी बंद आहे, कागदावर लिहा' एवढं ११ वाजता सांगता आलं असतं. कारण नंतर कळवलं तरी चाललं असतं.

वर्गणी पुढे चालू ठेवली आहे, पण वर्षाची नाही, तीन महिन्यांची. प्रत दर अर्ध्या तासाऐवजी दर पाच मिनिटांनी घेऊ, असं त्यांनी नंतर कळवलंय. तोवर दिवसाच्या शेवटी मी बिलांची यादी स्वतः उतरवून ठेवतो.