शेड्यूलिंग ॲप: वर्षाचे पैसे भरण्याआधी 'पॉज' करून बघा

रिन्यूअलचा मेसेज आलाय आणि या खेपेला मी वर्षाचा नाही, महिन्याचाच प्लॅन घेतोय. कारण एकच, ते पॉजचं बटण.

बेळगावातल्या एका कापड दुकानाचं आणि एका क्लासचं पेज मी सांभाळतो. पोस्ट वेळेवर जातात, रील अडकत नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही.

ॲपमधली सणांची तयार यादी मात्र आपल्याकडे चालत नाही. राज्य कर्नाटक निवडलं की १ नोव्हेंबरला राज्योत्सवाच्या शुभेच्छांचं चित्र पुढे येतं. त्याच दिवशी इथला मराठी माणूस काळा दिवस पाळतो, आणि दुकानाचं गिऱ्हाईक दोन्हीकडचं. महाराष्ट्र निवडलं तर शिवजयंती १९ फेब्रुवारीला दिसते. बेळगावची पारंपरिक शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला, २०२५ मध्ये ती २९ एप्रिलला आली. १७ जानेवारीचा सीमालढ्यातला हुतात्मा दिन तर कुठल्याच यादीत नाही.

एवढ्यावर दोनच तारे देणार होतो. मग आपलं स्वतःचं गूगल कॅलेंडर जोडायची सोय सापडली आणि मत बदललं. आता त्यात तीन रंग आहेत: पोस्टच नको, सेल नको, वेळ बदला. दहावी-बारावीचं वेळापत्रक बोर्ड आधी तात्पुरतं काढतं आणि मग अंतिम, म्हणून पहिल्यांदा परीक्षेचा सगळा काळ 'वेळ बदला'मध्ये टाकतो आणि अंतिम वेळापत्रक आलं की एकेका पेपरची तारीख बसवतो. पेपर सकाळी असतो, त्यामुळे त्या दिवशी क्लासची पोस्ट संध्याकाळी.

अचानक आलेल्या दुखवट्यापुढे हे कॅलेंडर कामाचं नाही. जोडलेल्या कॅलेंडरमधला बदल ॲपमध्ये उतरायला कित्येक तास जातात. २६ डिसेंबर २०२४ ला रात्री मनमोहन सिंग गेले, सात दिवसांचा दुखवटा जाहीर झाला, इथला काँग्रेसचा दुसऱ्या दिवशीचा मेळावासुद्धा पुढे ढकलला गेला. दुकानाच्या वर्षअखेरच्या सेलच्या पोस्ट रांगेत होत्या. रात्रीच पॉज दाबलं, पोस्ट थांबल्या. पण दुखवटा संपल्यावर रांग सुरू करताच अडकलेल्या सगळ्या पोस्ट एकापाठोपाठ बाहेर पडल्या, 'आज शेवटचा दिवस'सुद्धा, आणि सेल तर कधीच संपला होता! कस्टमर केअरचं म्हणणं, हे असंच बनवलंय. वर्षाचे पैसे घेऊन हे उत्तर? मला अजून राग येतो.

शिवाय पैसे देऊन चालवलेल्या जाहिराती पॉजने थांबत नाहीत, त्या ॲड्सच्या खात्यात जाऊन वेगळ्या बंद कराव्या लागतात. त्या रात्री मालकांचा फोन आला म्हणून तेही झालं.

सध्या मी पॉज वापरतच नाही. दुखवटा लागला की रांगेतल्या पोस्ट ड्राफ्टमध्ये ओढतो आणि नंतर एकेक वाचून नवी तारीख देतो. फुकटच्या चाचणीत एका रिकाम्या पेजवर पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीन पोस्ट लावा, पॉज करा, वेळ उलटून गेल्यावर सुरू करा. तिन्ही एकदम गेल्या तर वर्षाचा प्लॅन घेऊ नका. मी साडेतीन तारे देतोय, त्यातला दीड त्या कॅलेंडर जोडण्याचा.